कार्ड फॉरमॅट करण्याआधी

(मालवण येथे तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी सीझनमध्ये तारकर्ली, दांडी किंवा चिवल्याच्या स्कूबावर काम करतात, असं मला कळलं. म्हणून आज मी तुमच्याच कामातली एक गोष्ट घेतो. पर्यटक पाण्यात उतरतो, तुम्ही त्याचा व्हिडिओ काढता, संध्याकाळी कार्ड भरलेलं असतं. सकाळी सातला पुन्हा होडी सुटायची असते. मग कार्डातलं सगळं हार्ड डिस्कवर ओढायचं आणि कार्ड फॉरमॅट करायचं. या दोन क्रियांच्या मध्ये काय करायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

माझ्याकडे कॉम्प्युटर दुरुस्तीला येतात, त्यातल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. सांगलीच्या एका जोडप्याचा व्हिडिओ त्याने डिस्कवर घेतला होता. फोल्डरमध्ये फाइल दिसत होती, नाव बरोबर, आकारही ३.७ जीबी, म्हणजे कार्डावर होता तेवढाच. पण लावला की उघडत नव्हता. कार्ड एव्हाना फॉरमॅट होऊन त्यावर दोन दिवसांचं नवं शूटिंग झालं होतं. नवं शूटिंग बसलेल्या जागेवरचं जुनं कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आकार बरोबर असून फाइल रिकामी कशी? विंडोज मोठी फाइल कॉपी करायला घेतो तेव्हा आधी डिस्कवर तेवढी जागा राखून ठेवतो आणि मग ती भरत जातो. मध्येच केबल हलली, लॅपटॉप बंद पडला, तर राखलेली जागा तशीच राहू शकते. आकार पूर्ण दिसतो, शेवटचा भाग भरलेलाच नसतो. आणि व्हिडिओच्या बाबतीत शेवटचा भाग फार महत्त्वाचा. कॅमेरा रेकॉर्डिंग थांबवताना फाइलची अनुक्रमणिका लिहितो, कोणतं चित्र कुठे आहे ते सांगणारी. बहुतेक कॅमेऱ्यांत ती अनुक्रमणिका फाइलच्या अगदी शेवटी असते. ती नसेल तर आधीची नऊ मिनिटं जागेवर असूनही प्लेअरला काहीच सापडत नाही.

फोटोचं उलट आहे, आणि तिथे जास्त फसगत होते. जेपीजी फोटोच्या सुरुवातीलाच एक छोटं चित्र ठेवलेलं असतं, गॅलरीत चटकन दाखवण्यासाठी. अर्धा फोटो आला तरी ते छोटं चित्र छान दिसतं. मोठा करून उघडलात की खालचा अर्धा भाग करडा. म्हणून गॅलरीत सगळे चौकोन दिसले म्हणजे सगळे फोटो आले, असं मानू नका.

आता तपासायचं कसं ते सांगतो. कॉपी झाली की डिस्क रीतसर इजेक्ट करा, केबल काढा आणि पुन्हा लावा. हे टाळू नका. नुकतंच कॉपी केलेलं कॉम्प्युटरच्या मेमरीत असतं, आणि लगेच तपासलंत तर तो डिस्क न वाचता मेमरीतलंच दाखवू शकतो. नंतर कार्डातल्या आणि डिस्कवरच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइलींची संख्या आणि `Size` समोरचे कंसातले बाइट तंतोतंत जुळले पाहिजेत. खालचं `Size on disk` जुळलं नाही तरी काळजी नको. दोन डिस्कवर जागेचे कप्पे वेगळ्या मापाचे असतात. ही तपासणी एका मिनिटाची आहे. राहिलेली फाइल तिने सापडते, पण मघाच्या मुलाची फाइल सापडली नसती.

त्यासाठी आतला मजकूर पडताळावा लागतो. विंडोजमध्ये त्याची सोय आधीपासून आहे, काही घालावं लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा. कार्ड `E:` आणि डिस्क `F:` असेल तर लिहा:

```
fc /b E:\DCIM\100GOPRO\*.MP4 F:\DIVE\*.MP4
```

फोल्डरची नावं तुमच्याकडे असतील ती घाला, आणि कार्ड पहिलं ठेवा. कार्डातली प्रत्येक फाइल तो डिस्कवरच्या त्याच नावाच्या फाइलशी बाइट-बाइट ताडून बघतो. बरोबर असेल तर प्रत्येक फाइलीखाली `FC: no differences encountered` येतं. फाइल डिस्कवर नसेल तर उघडता येत नाही असं सांगतो. फरक असेल तर आकड्यांच्या रांगा धावायला लागतात. `Ctrl+C` दाबून थांबवा आणि ती फाइल पुन्हा कॉपी करा. ४० जीबीला चांगल्या कार्ड रीडरवर आठ-दहा मिनिटं लागतात, जुन्यावर वीस-पंचवीस. तेवढ्यात जेवण होतं.

बाजारातल्या स्वस्त बनावट पेन ड्राइव्हही यातच पकडल्या जातात. वर ५१२ जीबी लिहिलेलं, आत चिप ३२ ची. नावांची यादी नीट राहते, म्हणून फायली दिसतात. मजकूर मात्र ३२ नंतर कुठेच गेलेला नसतो.

या पडताळणीची एक मर्यादा आहे. प्रत कार्डासारखीच आहे, एवढंच ती सांगते. कार्डावरचीच फाइल बिघडलेली असेल, समजा पाण्याखाली बॅटरी संपली, तर प्रतही तितकीच बिघडलेली आणि निकाल मात्र 'फरक नाही'. म्हणून गिऱ्हाइकाची फाइल डिस्कवरून उघडा आणि थेट शेवटच्या दहा सेकंदांवर न्या. तिथे चित्र आणि आवाज असेल तर बरं. शक्य तर दुसऱ्या लॅपटॉपवर उघडा.

अजून एक, गोप्रोवाल्यांसाठी. ठराविक आकार झाला, बऱ्याच मॉडेलांत चार जीबी, की कॅमेरा रेकॉर्डिंगचे तुकडे करतो. पहिला `GX010123.MP4`, दुसरा `GX020123.MP4`. रेकॉर्डिंगचा खरा नंबर शेवटचे चार आकडे, इथे ०१२३. नावाप्रमाणे यादी लावलीत तर दुसरा तुकडा खूप खाली जातो, आणि एकेका गिऱ्हाइकाच्या फायली निवडून कॉपी करणारा तो सोडून देतो. निवडत बसू नका, आख्खं फोल्डर घ्या.

हे फक्त आपल्यासारख्यांचं होतं असं समजू नका. गिटलॅब ही प्रोग्रामरांची मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप घ्यायला गेले तर ठेवण्याची जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता, रोज अपयशी होत होता, आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेली प्रत निघाली, म्हणून बाकीचं वाचलं. त्या सहा तासांतले बदल गेले. बॅकअप 'चालू आहे' हे सगळ्यांना माहीत होतं. तो उघडून कुणी बघितला नव्हता.

मोबाईलचं थोडक्यात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना ॲपमधून फोटो हाताने डिलीट केलात तर तो क्लाउडवरूनही कचऱ्यात जातो. जागा करायची तर त्यातला 'फ्री अप स्पेस' वापरा, आणि त्याआधी 'स्टोरेज सेव्हर' चालू आहे का ते बघा. असेल तर वर गेलेली प्रत मूळ दर्जाची नाही.

तुमच्यातल्या काही मुलींनी आपल्या नानी-दादींचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, असं सकाळी ऐकलं. त्यातली एक दादी आता हयात नाही. मोबाईलचं रेकॉर्डिंग बहुधा `.m4a` असतं, आणि तेही व्हिडिओसारखंच, अनुक्रमणिकेवर चालणारं. पर्यटक पुढच्या सीझनला येईल, त्याला फुकट डाइव्ह देता येईल. इथे तसं काही नाही. म्हणून ही रेकॉर्डिंग्ज दोन डिस्कवर घ्या, दोन्ही पडताळा, दोन्हींवर शेवट ऐका, आणि तोवर मोबाईलमधून काढू नका. मोबाईल भरला असेल तर व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ आधी पुसा, त्यांनी जास्त जागा धरलेली असते.

मागच्या टेबलावर दोन लॅपटॉप आणि कार्ड रीडर ठेवले आहेत. चहानंतर ज्यांनी कार्ड आणलंय त्यांनी या, एक-एक पडताळून बघू.