प्रवेश एक वर्ष पुढे ढकलताना

समजा, तुमच्या मुलीला ब्रिटनमधल्या विद्यापीठात सप्टेंबर 2025 च्या एमएससीसाठी प्रवेश मिळाला आहे. पण तिच्या कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये ठरली आहे आणि पुढचे कित्येक महिने फिजिओथेरपी चालणार आहे. अशा वेळी प्रवेश सोडू नका; तो वर्षभर पुढे ढकलण्याची विनंती करा.

प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. नाव, अर्ज क्रमांक आणि अभ्यासक्रम लिहा, आणि सप्टेंबर 2026 पासून प्रवेश हवा आहे असं स्पष्ट मागा. सोबत डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र जोडा. उपचार कधी सुरू होणार, किती चालणार आणि पूर्णवेळ शिक्षण कधीपासून शक्य होईल, एवढं त्यात हवं. सगळे रिपोर्ट आपणहून पाठवायची गरज नाही.

ही विनंती व्हिसाची कागदपत्रं हाती घेण्याआधीच करा. मान्यता देणं विद्यापीठाच्या हातात असतं, म्हणून फोनवरच्या होकारावर विसंबू नका. नव्या तारखेचं ऑफर लेटर मागवा. भरलेली अनामत रक्कम पुढे धरली जाईल का, फी कोणत्या वर्षाची लागेल आणि शिष्यवृत्ती टिकेल का, हेही लेखी विचारा. शिष्यवृत्ती बहुधा आपोआप पुढे जात नाही.

आणखी एक तारीख तपासा. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो. परीक्षा मार्च 2024 मध्ये दिली असेल, तर मुदत मार्च 2026 मध्येच संपेल. म्हणजे फेरपरीक्षेची सोय उपचारांच्या वेळापत्रकातच करून ठेवावी लागेल.