पाळीतील कळा नेहमीपेक्षा वाढल्यास

निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणारी 34 वर्षांची एक स्त्री आपण नजरेसमोर आणू. दोन बाळंतपणांनंतरही तिची पाळी विनातक्रार येत असे. गेले पाच महिने मात्र पहिल्या दिवशी ओटीपोटात व कमरेत अशी कळ उठते की जमिनीवर बसून काम करणे अशक्य व्हावे. घरातील वडीलधारी म्हणतात, "पाळीत दुखायचेच." हे अर्धेच खरे आहे.

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य निर्माण होते. त्यामुळे स्नायू आवळले जातात व कळ येते. शेकाने ते सैल होतात. रबरी पिशवीत गरम, परंतु उकळते नव्हे असे पाणी भरून, ती पंचात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे ओटीपोटावर ठेवावी. दिवसातून तीनचार वेळा असे करण्यास हरकत नाही. नंतर पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडावे. तेही कोरड्या, उबदार अंथरुणावर. पाळीतील स्त्रीला थंड फरशीवर बाजूला बसविण्याची रूढी तिच्या विश्रांतीच्या आड येते.

आयबुप्रोफेनची गोळी हे द्रव्य तयार होण्यासच आळा घालते. म्हणून कळ असह्य होण्याची वाट न पाहता, कळ किंवा स्राव सुरू होताच ती घ्यावी. प्रौढ स्त्रीने 400 मिलिग्रॅमची एक गोळी जेवणानंतर, आठ तासांच्या अंतराने, दिवसात तीनपेक्षा अधिक नाही, अशी दोनतीन दिवस घ्यावी. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामक गोळीने वाढणारा दमा किंवा गर्भ असण्याची शंका असल्यास ही गोळी वर्ज्य समजावी. पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांस विचारावे.

आपल्या उदाहरणातील स्त्रीने मात्र शेक व गोळी यांवरच थांबू नये. तिशीनंतर नव्याने सुरू झालेली आणि वाढत जाणारी कळ तपासावीच लागते. तरुण मुलीचीही, योग्य रीतीने गोळ्या घेऊन तीन पाळ्यांत उतार न पडल्यास, तपासणी करावी. तांबी बसविली आहे काय, रक्तस्राव वाढला काय, शौचाच्या वा संबंधाच्या वेळी दुखते काय, हे डॉक्टर विचारतील. संकोच न करता सांगावे. पुढे शारीरिक तपासणी, हिमोग्लोबिन व सोनोग्राफी होते. त्यांत गाठ किंवा गर्भाशयाची सूज आढळू शकते. सोनोग्राफी निर्दोष आली तरी अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार नाही असे ठरत नाही.

निदानापूर्वीच कोणी "पिशवी काढून टाका" म्हणाल्यास दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचे प्रमाण पाहून 2019 साली महाराष्ट्र शासनास चौकशी समिती नेमावी लागली होती.

पाळी चुकल्यानंतर एका बाजूस तीव्र दुखून घेरी आली, तापासह दुर्गंधीयुक्त स्राव झाला, किंवा तासातासाला घडी भिजू लागली, तर शेकत बसू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.