लॉक-इनचं कलम एका वाक्यात, पण ‘परंतु’सकट

हा भाग ऐकायचं राहून गेलं असेल त्यांच्यासाठी हा मजकूर. थोडाफार नीट केलाय, पण बोलणं जसं होतं तसंच ठेवलंय.

आज विषय एकच आहे, आणि तोही छोटा. भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार हातात येतो. वीस-बावीस कलमं असतात. आम्ही चौघं एकत्र राहतो, त्यामुळे सही करण्याआधी मी एक टेबल बनवतो. डावीकडे कलम नंबर, उजवीकडे त्या कलमाचं साध्या भाषेतलं एक वाक्य. बाकीचे तिघं मूळ करार वाचणार नाहीत, हे मला माहीत आहे. ते टेबलच वाचतील. म्हणजे टेबलमधलं वाक्य चुकलं तर त्यांच्यासाठी करारच चुकला.

आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. माझ्या एका मित्राच्या आधीच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी असंच टेबल केलं होतं. लॉक-इनच्या ओळीत लिहिलं होतं: ‘लॉक-इन ६ महिने, बदली झाल्यास सूट.’ त्याची खरंच बदली झाली. दहा दिवसांत सामान बांधून तो गेला. मूळ कलमात त्या सुटीसाठी ३० दिवसांची लेखी नोटीस लागत होती. भाडं २४,००० आणि लॉक-इनचे तीन महिने बाकी होते. त्याच्या डिपॉझिटमधून ७२,००० कापले गेले. ‘बदली झाल्यास सूट’ हे वाक्य खोटं नव्हतं. अर्धं होतं.

आता आमच्या ड्राफ्टमधलं कलम ९ घेऊ. सावकाश वाचतो:

‘लायसन्सी सदर करार सुरू झाल्याच्या दिनांकापासून पहिल्या सहा महिन्यांच्या मुदतीत (यापुढे जिचा उल्लेख लॉक-इन मुदत असा केला आहे) सदर जागा सोडणार नाही, रिक्त करणार नाही अथवा तिचा ताबा परत करणार नाही, आणि तसे केल्यास लॉक-इन मुदतीतील उर्वरित महिन्यांचे लायसन्स शुल्क देण्यास जबाबदार राहील, परंतु, लायसन्सीची त्याच्या विद्यमान नोकरीत पुणे शहराबाहेर बदली झाली असेल व त्याने नियोक्त्याचे तसे पत्र सादर करून तीस दिवसांची लेखी नोटीस दिली असेल, तर सदर रक्कम देय राहणार नाही, परंतु आणखी असे की, लायसन्सीने सलग दोन महिन्यांचे शुल्क थकवले असल्यास वरील सवलत लागू होणार नाही, हे सर्व कलम १४ च्या अधीन राहून.’

श्वास घ्या. हे एक वाक्य आहे!

पहिल्यांदा मी बघतो की काय टाकून दिलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. ‘सोडणार नाही, रिक्त करणार नाही अथवा ताबा परत करणार नाही’ ही तीन क्रियापदं इथे एकच गोष्ट सांगतात, म्हणून ‘घर सोडल्यास’ पुरतं. ‘यापुढे जिचा उल्लेख’ वगैरे तर सरळ जातं. ‘लायसन्स शुल्क’च्या जागी मी ‘भाडं’ लिहितो, पण टेबलच्या डोक्यावर एक ओळ टाकतो की इथे भाडं म्हणजे लायसन्स शुल्क. कारण कायद्यात भाडेकरू आणि लायसन्सी हे एक नाहीत. लायसन्सीला जागा वापरायची परवानगी असते, भाडेकरूसारखा जागेत हक्क तयार होत नाही. बोलताना चालतं, पण शब्द कुठला कुठे बदललाय हे लिहून ठेवलेलं बरं.

मग दुसरी बाजू. काय काढायचंच नाही? मी कलमावर चार प्रकारचे शब्द रंगवतो. एक, ‘परंतु’ आणि त्याचे भाऊ: तथापि, खेरीज, वगळता. इथून अपवाद सुरू होतो. दोन, ‘च्या अधीन राहून’. म्हणजे या कलमाच्या वर दुसरं एक कलम बसलंय. तीन, ‘काहीही नमूद असले तरी’. हे उलटं, म्हणजे हे कलम बाकीच्यांच्या डोक्यावर बसतं. आणि चार, आकड्यांना आणि नामांना चिकटलेली बारीक विशेषणं: लेखी, सलग, विद्यमान, पहिल्या. लांबी कमी करताना हात सगळ्यात आधी यांच्यावरच पडतो, आणि पैसा नेमका यांच्यातच असतो.

‘विद्यमान नोकरीत बदली’ बघा ना. मराठीत तर गंमतच आहे. ‘नोकरीत बदली झाली’ आणि ‘नोकरी बदलली’ हे कानाला जवळजवळ सारखं लागतं. आमच्यातल्या एकाच्या मुलाखती चालू आहेत, बेंगळुरूच्या कंपनीत. त्याची नोकरी लागली तर ती बदली नाही. ‘विद्यमान’ हा शब्द मी काढला असता, तर त्याला वाटलं असतं की आपण सुटलो.

आता वाक्य जुळवायचं. कोडवाल्यांना लगेच कळेल, हा इफच्या आत इफ आहे. नियम: सहा महिन्यांत सोडलंत तर उरलेलं भाडं भरा. त्याच्या आत अपवाद: बदली, पत्र आणि नोटीस, तिन्ही असतील तर भरू नका. त्याच्याही आत अपवादाचा अपवाद: सलग दोन महिने थकवलं असेल तर सूट रद्द. बहुतेक टेबलांमध्ये ही तिसरी पायरीच गळते. पहिल्या ‘परंतु’पाशी वाचणाऱ्याला वाटतं कळलं, आणि दुसरा ‘परंतु’ नुसता डोळ्यांखालून जातो.

यावर माझा उपाय असा: अपवादाचा अपवाद वेगळा ठेवायचा नाही, तो उलटा करून पहिल्या अपवादाची आणखी एक अट बनवायची. ‘थकवलं असेल तर सूट नाही’ याचं झालं ‘थकवलेलं नसेल तरच सूट’. मग दोन ‘पण’ लागत नाहीत, चार अटींची एकच यादी होते. वाक्य असं झालं:

‘पहिल्या ६ महिन्यांत घर सोडल्यास त्या ६ महिन्यांतलं उरलेलं भाडं भरावं लागेल; फक्त सध्याच्याच नोकरीत पुण्याबाहेर बदली झाली, कंपनीचं पत्र दिलं, ३० दिवसांची लेखी नोटीस दिली आणि सलग २ महिन्यांचं भाडं थकवलेलं नाही, या चारही गोष्टी असतील तर भरावं लागणार नाही (कलम १४ लागू झाल्यास आधी ते पाहा).’

हो, लांब आहे. टेबलच्या चौकटीत तीन-चार ओळी जातात. पण मूळ कलमाच्या जवळपास निम्मं आहे, आणि एका वाचनात कळतं. ‘या चारही’ हे शब्द मी मुद्दाम घातलेत. मूळ कलमात ‘व’ आहे. स्वल्पविराम देऊन नुसती यादी केली, तर कुणीतरी ती ‘यातलं काहीही एक’ अशी वाचणारच.

आता वाक्य बरोबर आहे की नाही, हे कसं कळणार? पुन्हा पुन्हा वाचून नाही कळत. आपणच लिहिलेलं असतं, त्यामुळे डोळा गाळलेली जागा स्वतःच भरतो. मी टेस्ट केस लिहितो. खरीखुरी माणसं, खरेखुरे प्रसंग. प्रत्येक प्रसंग आधी मूळ कलमाला विचारायचा, उत्तर लिहायचं. मग दुसऱ्या कुणालातरी फक्त माझं वाक्य द्यायचं आणि तेच प्रश्न विचारायचे.

तिसऱ्या महिन्याअखेरीस कंटाळून गावी गेलो: तीन महिन्यांचं भाडं. हैदराबादला बदली, पत्र आणि नोटीस दोन्ही दिली, भाडं वेळेवर: शून्य. तेच सगळं, पण दोन महिन्यांचं भाडं सलग थकवलेलं: भरा. बेंगळुरूला नवी नोकरी: भरा. सातव्या महिन्यात सोडलं: या कलमाचा संबंधच नाही, नोटिशीचं वेगळं कलम बघा. माझ्या रूममेटने पाचही उत्तरं मूळ कलमासारखीच दिली. ‘बदली झाल्यास सूट’ या जुन्या वाक्याला हेच प्रश्न विचारले असते, तर थकबाकीवाल्या प्रसंगात ते ‘शून्य’ म्हणालं असतं. नव्या नोकरीवर तर दोन माणसांनी दोन उत्तरं दिली असती.

मग मी मुद्दाम तिरके दोन प्रश्न विचारले. पहिला: नोटीस व्हॉट्सअॅपवर दिली तर? कलम ९ नुसतं ‘लेखी’ म्हणतं, पुढे गप्प. मग माझ्या वाक्यानेही गप्पच राहायला हवं. तिथे ‘ईमेलने’ लिहायचा मोह होतो, पण ते माझं मत झालं, कराराचं नाही. आमच्या करारात नोटीस कशी द्यायची याचं वेगळं कलम आहे. त्या ओळीत ते येईलच.

दुसरा: पहिल्या दोन महिन्यांचं भाडं थकलं, नंतर सगळं चुकतं केलं, आणि मग बदली झाली. आता सूट मिळेल? ‘थकवले असल्यास’ म्हणजे कधीतरी, की नोटीस देताना? मूळ शब्द दोन्ही बाजूंनी वाचता येतात. म्हणून मी ‘थकबाकी नसेल तर’ असं गुळगुळीत लिहिलं नाही, ‘थकवलेलं नाही’ हेच ठेवलं, जसंच्या तसं धूसर. बाजूच्या रकान्यात लिहिलं: ‘कधीची थकबाकी? मालकांना विचारा.’

राहिलं कलम १४. ते म्हणतं की आग, पूर किंवा इमारतीच्या दोषामुळे जागा राहण्याजोगी उरली नाही, तर लॉक-इन कुणालाच लागू नाही. ते माझ्या वाक्यात मी कोंबलं नाही, कारण ते स्वतःच एक ओळ आहे. दोन ठिकाणी लिहिलं की पुढे ड्राफ्ट बदलला तर एक ठिकाणी बदल होतो आणि दुसरीकडे जुनंच राहतं. पण बोट दाखवलंच पाहिजे. ते कंस काढून टाकलं, तर पाणी गळणाऱ्या घरात माणूस भाडं भरत बसेल.

आणि एक उलटी तपासणी. कलम ९ मध्ये काय लिहिलंय एवढंच बघून भागत नाही, दुसरीकडे कुठे कलम ९ चं नाव आलंय का तेही शोधायचं. पीडीएफमध्ये सर्च मारा, पण सावध. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला किंवा स्कॅन केलेला करार असेल तर सर्च ‘काही सापडलं नाही’ म्हणतं, आणि असतं मात्र तिथेच. तेव्हा शेवटची पानं डोळ्यांनी वाचायची. ‘काहीही नमूद असले तरी’ हे शब्द मला बहुतेक वेळा तिथेच भेटलेत.

तर ती थकबाकीची शंका घेऊन आम्ही मालकांकडे गेलो. काका म्हणाले, ‘अरे, मला म्हणायचंय निघताना बाकी नको. आधीचं चुकतं केलं असेल तर माझं काही नाही.’ एजंटकडून ड्राफ्टमध्ये ‘थकवले असल्यास’च्या जागी ‘नोटीस देतेवेळी सलग दोन महिन्यांचे शुल्क थकीत असल्यास’ असं करून घेतलं. अंगठे द्यायच्या आधी हे दोन मिनिटांचं काम होतं. नोंदणी झाल्यावर तेच बदलायला वेगळा दस्त करावा लागला असता. टेबलमधली ओळही त्याच दिवशी बदलली आणि पाचही प्रश्न पुन्हा विचारून घेतले.

पुढच्या भागात डिपॉझिटचं कलम घेतोय. त्यात ‘वाजवी झीज वगळता’ असे तीन शब्द आहेत, आणि त्यांच्यावरून आमच्या घरात आत्ताच दोन पार्ट्या पडल्यात. तुमच्या करारातलं एखादं लांबलचक कलम असेल तर नावं, पत्ते खोडून पाठवा.