गव्हाणी रिकामी ठेवा
(पांढरकवडा परिसरातील कुटुंबांच्या ख्रिस्तजयंतीपूर्व मेळाव्यात दिलेला संदेश)



२४ डिसेंबरच्या रात्री घरात गव्हाणीभोवती प्रार्थना कशी करावी, एवढेच आज सांगतो. माझ्या घरी ती पहिल्या वर्षी फसली. मी लूकचा दुसरा अध्याय जवळजवळ पूर्ण वाचला, वर अर्धा तास समजावून सांगितले. आमेन म्हणेपर्यंत मुले झोपली होती. बाळ येशूची मूर्ती तर दुपारीच गव्हाणीत ठेवलेली. वाट पाहायला काही उरलेच नव्हते.

आता मी गव्हाणी रिकामी ठेवतो. तुराट्यांचा गोठा, गव्हाणीत कुटार, बाजूला मरिया आणि योसेफ, मेंढपाळ जरा दूर. मागी लोक त्या रात्री नकोत. ते घरात आले असे मत्तय सांगतो. त्यांना ६ जानेवारीला आणा. इटलीतील ग्रेच्चो गावी १२२३ साली असिसीच्या फ्रान्सिसनेही खरी गव्हाणी, चारा, बैल आणि गाढव आणून हा प्रसंग लोकांपुढे उभा केला होता. दिवा मात्र कुटारापासून हातभर लांब, पाणी घातलेल्या ताटात ठेवा.

मग घरातील वाचता येणाऱ्या मुलाने लूक २:४ ते ७ वाचावे. सातव्या वचनानंतर थांबा. सर्वांत लहान मुलाने बाळाला गव्हाणीत ठेवावे. आता १५ आणि १६ ही वचने वाचा आणि मेंढपाळांना जवळ सरकवा. यापुढे प्रवचन नको. मुलांना विचारू द्या.

मागच्या वर्षी मी एका कोलाम पोडावर होतो. आईवडील कापूस वेचायला दूर गेलेले, घरी आजी आणि दोन नातवंडे. आजीला वाचता येत नाही. वाचन मोठ्या नातीने केले. बाळ ठेवताना धाकट्याने विचारले, "आजी, बाळ गव्हाणीत निजलं, मग बैलानं खाल्लं कुठं?"

आजी म्हणाली, "सरकला असंल बाजूला. लेकरासाठी सरकावंच लागते."

उतारशाळेत जागा नव्हती, हे मी कितीदा सांगितले असेल! पण जागा कशी होते, ते आजीने सांगितले. मग ती हात जोडून म्हणाली, "देवा, माझी लेकरं परक्या गावी झोपली असतील. त्यांच्यासाठी बी कुणी सरकू दे."

शेवटी आशीर्वाद. वडीलधाऱ्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून एकेक ओळ म्हणावी. मग मुलाने तीच ओळ त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणावी:

येशू तुझ्या डोळ्यांना उजेड देवो.
येशू तुझ्या मनात राहायला येवो.
येशू तुझ्या हातांना जागा करायला शिकवो.
येशू दूर असलेल्यांना सुखरूप घरी आणो.
आमेन.

त्या रात्री चौथी ओळ धाकट्याने दोनदा म्हटली. आपणही ती सावकाश म्हणा. मग दिवा विझवा आणि मुलांना झोपू द्या.