ड्युटीच्या फोटोवरून तासांचा तक्ता
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत गटांच्या लिपिका आणि सदस्यांसमोर केलेल्या बोलण्याचा मजकूर)



आपल्यातले काही गट आता दवाखान्यातली साफसफाई, रुग्णांची देखभाल, वसतिगृहाची राखण अशी कामं ठेक्यानं घेतात. तिथं भिंतीवर ड्युटीचा कागद लागतो. आपल्यातलीच एखादी ताई मोबाईलवर त्याचा फोटो काढते आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकते. त्या फोटोवरून कोणाचे किती तास भरले हे काढायचं काम तुम्हा लिपिकांकडे येतं. बहुतेक जणी काय करतात? कागदावर कोणाच्या नावापुढे किती ड्युट्या आहेत त्या मोजतात, आणि ड्युटीमागे सारखे पैसे वाटतात. आज मला एवढंच सांगायचं आहे, की ड्युटी मोजणं आणि तास मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दवाखान्यातल्या कागदावर इंग्रजी अक्षरं असतात. M म्हणजे सकाळ, E म्हणजे संध्याकाळ, N म्हणजे रात्र, O म्हणजे सुट्टी. कुठं सुट्टीला WO लिहितात, कुठं नुसती आडवी रेघ मारतात. पुष्कळ ठिकाणी सकाळ ८ ते दुपारी २, दुपारी २ ते रात्री ८, आणि रात्री ८ ते सकाळी ८ अशा वेळा असतात. म्हणजे M चे ६ तास, E चे ६ तास आणि N चे १२ तास. काही ठिकाणी तिन्ही पाळ्या ८-८ तासांच्या असतात. म्हणून हिशेबाला बसण्याआधी पहिली ओळ ही लिहायची: आपल्या कागदावर कोणत्या अक्षराचे किती तास. ही वेळ कागदाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेली असते, आणि फोटो काढताना नेमका तोच भाग कापला जातो! नसेल तर तिथल्या सिस्टरांना विचारून घ्या, अंदाजानं लिहू नका.

आता एक उदाहरण करू. एका वॉर्डात एका वेळी एक बाई लागते आणि चौघी मिळून तो वॉर्ड सांभाळतात. नावं नकोत, क, ख, ग, घ म्हणू. सोमवार ते रविवार असा कागद आहे:

```
     सो  मं  बु  गु  शु  श  र
क    M   E   N   O   M   E   N
ख    E   N   O   M   E   N   O
ग    N   O   M   E   N   O   M
घ    O   M   E   N   O   M   E
```

ड्युट्या मोजा. क च्या ६, आणि ख, ग, घ तिघींच्या ५-५. ड्युटीवर पैसे वाटले तर या तिघींना सारखे मिळतील. आता तास मोजा. ख च्या दोन रात्री आहेत, २४ तास. दोन संध्याकाळी १२ तास, एक सकाळ ६ तास. झाले ४२. ग च्याही दोन रात्री, दोन सकाळी, एक संध्याकाळ, म्हणजे ४२. घ ची मात्र एकच रात्र आहे, आणि दोन सकाळी, दोन संध्याकाळी. तिचे झाले ३६. क चे ४८. म्हणजे ड्युट्या पाचच असल्या तरी ख आणि घ मध्ये ६ तासांचा फरक आहे. तासाला समजा ६० रुपये धरले तर एका आठवड्यात ३६० रुपये. ज्यांच्या वाट्याला रात्री जास्त येतात त्यांच्या खिशातून हे जातात, आणि कागदावर काहीच चुकलेलं दिसत नाही.

मोबाईलवर शीट वापरणाऱ्यांनी A मध्ये नाव, B ते H मध्ये सात दिवस आणि I मध्ये तास ठेवावेत. पहिल्या बाईच्या ओळीत, I2 मध्ये, हे सूत्र टाकायचं आणि खाली ओढायचं:

```
=COUNTIF(B2:H2,"M")*6+COUNTIF(B2:H2,"E")*6+COUNTIF(B2:H2,"N")*12
```

यात एक खोच आहे. हे सूत्र घरात नुसतं M असेल तरच मोजतं. M च्या पुढं चुकून मोकळी जागा पडली, किंवा डबल ड्युटी म्हणून ME असं एकत्र लिहिलं, तर ती ड्युटी गुपचूप सुटते, आणि शीट तक्रारही करत नाही. डबल ड्युटी असेल तर तेवढे तास हातानं मिळवा. ज्यांना शीट जमत नाही त्यांनी वहीत रेघा मारून केलं तरी चालतं, हिशेब तोच आहे.

आता खरी अडचण, फोटो. कागदाला घडी पडलेली असते, त्यावर ट्यूबलाइटची चमक आलेली असते, आणि घाईत लिहिलेले M आणि N अगदी बहिणी-बहिणी दिसतात. मग आपण बरोबर वाचलं की नाही हे कळायचं कसं? त्यासाठी एक आकडा लक्षात ठेवा: १६८. दिवसाचे २४ तास, गुणिले ७ दिवस. वॉर्डात चोवीस तास एक बाई असायलाच हवी, म्हणून सगळ्यांचे तास मिळून १६८ च यायला हवेत. आपल्या उदाहरणात बघा, ४८, ४२, ४२ आणि ३६. बेरीज १६८. एका वेळी दोघी लागत असतील तर याच्या दुप्पट, ३३६.

समजा घडी गुरुवारच्या रकान्यावर पडली आणि ख चा M तुम्ही N वाचला. ख चे तास ४८ होतील आणि एकूण बेरीज १७४. सहा तास जास्त आले, म्हणजे कुठंतरी ६ तासांच्या पाळीला रात्र समजलो असण्याचा संभव आहे. पण कुठं? आता रकाने उभे वाचा. प्रत्येक दिवशी एक M, एक E, एक N, एक O असायला हवा. गुरुवारी दोन N निघतात आणि M एकही नाही. चूक तिथंच. मग तो फोटो मोठा करून तेवढीच दोन घरं बघायची, अख्खा कागद पुन्हा वाचायची गरज नाही. M ला E वाचलं तर बेरीज बदलत नाही, दोन्हींचे सहाच तास, पण उभ्या रकान्यात तेही पकडलं जातं. म्हणून बेरीज जुळली म्हणून थांबू नका, उभं वाचनही कराच.

एक चूक मात्र या दोन्ही चाळण्यांतून निसटते. फोटो तिरका असला की डोळा एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरतो, आणि ख ची अक्षरं ग ला, ग ची ख ला लागतात. बेरीज बरोबर, रकाने बरोबर, माणसं चुकीची. त्यासाठी फोटोवर नावाखाली पट्टी किंवा जाड कागद धरून वाचा, आणि आडव्या ओळीचा क्रम बघा. N च्या दुसऱ्या दिवशी सहसा O असतो. N च्या पुढच्याच घरात M दिसला तर थांबा. रात्री ८ ला आलेली बाई सकाळी ८ ला सुटून लगेच पुढची पाळी करतेय, म्हणजे सलग १८ तास. एक तर वाचताना घसरण झाली आहे, नाहीतर त्या ताईवर खरंच ती वेळ आली आहे. दोन्ही बाबतीत तिला विचारायला हवं.

फोटो पाठवणाऱ्या ताईंसाठी दोनच गोष्टी. कागदासमोर सरळ उभं राहून चारही कोपरे येतील असा फोटो घ्या, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबून लहान होतो आणि अक्षरं फुटतात.

फोटो कितीही स्वच्छ असला तरी तो काय होणार होतं ते सांगतो. काय झालं ते हजेरीच्या वहीत असतं. आपल्याच उदाहरणात समजा शनिवारी ख च्या घरी कोणी आजारी पडलं, आणि तिची रात्र ग नं केली. दुसऱ्या दिवशी रविवारी ग ची सकाळ होती. ती करणं तिला शक्य नव्हतं, कारण ती सकाळी ८ पर्यंत रात्रीच्याच ड्युटीवर होती. ती सकाळ ख नं भरून काढली. भिंतीवरचा कागद तसाच राहिला. फोटोवरून दोघींचे ४२-४२ येतात. खरे तास आहेत ख चे ३६ आणि ग चे ४८. एकूण पुन्हा १६८ च, म्हणून चाळणी गप्प बसते. अदलाबदल फक्त सहीवरून कळते. म्हणून मी म्हणते, फोटो सोमवारी नाही, आठवडा संपल्यावर घ्यायचा, आणि सोबत हजेरीच्या पानाचाही. जिथं दोन्ही जुळत नाहीत तिथं हजेरी खरी धरायची आणि तक्त्यात त्या घरावर गोल करायचा, म्हणजे पुढच्या सभेत कोणी विचारलं तर दाखवता येतं.

४८ हा आकडाही डोळ्यांसमोर असू द्या. कामगारांच्या कायद्यांत आठवड्याची मर्यादा ४८ तासांची धरलेली आहे, आणि त्यावर जादा कामाला दुप्पट दर. वरच्या अदलाबदलीत ख नं रविवारची सकाळ घेतली नसती तर ग चे ५४ तास झाले असते. तक्त्यात ४८ च्या वर गेलेला आकडा लाल शाईनं लिहा आणि अध्यक्षांना दाखवा. एका दमात १२ तासांची रात्र असावी का, हा प्रश्न निराळा आहे. तो ठेक्याचा करार करतानाच काढायचा, तक्ता तो सोडवत नाही.

राहिली रविवारची रात्र. यावरून लिपिकांत वाद होतात. क ची रविवारची N रात्री ८ ला सुरू होते आणि सोमवारी सकाळी ८ ला संपते. घड्याळानं बघितलं तर ४ तास या आठवड्यातले आणि ८ तास पुढच्या. काही जणी ते तोडून लिहितात, काही अख्खी रात्र या आठवड्यात धरतात. माझ्या मते पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाची धरावी, सगळे १२ तास. १९४८ च्या कारखाने कायद्यातही मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाचे मोजायचे असाच नियम घातला होता. तुम्ही तोडून लिहायचं ठरवलं तरी चालेल, पण मग प्रत्येक आठवड्यात तसंच करा. एका आठवड्यात एक आणि दुसऱ्यात दुसरी पद्धत केली की त्या ८ तासांचे पैसे एकदा दोनदा जातात आणि एकदा बुडतात.

म्हणून नव्या आठवड्याचा तक्ता आखताना नावाच्या शेजारी एक लहान रकाना जास्तीचा ठेवा आणि त्यात मागच्या रविवारी रात्र कोणाची होती ते लिहा. आपल्या उदाहरणात तिथं क येईल. आणि सोमवारच्या घरात क समोर O आहे ना, तेवढं बघून मगच पुढची अक्षरं भरायला घ्या.