कर्णाने दोघांना दिलेला शब्द

कर्ण म्हटला की कवचकुंडले आठवतात, भूमीत रुतलेले चाक आठवते. परंतु त्याची खरी कसोटी युद्धापूर्वीच गंगेच्या काठी लागली. व्यासांनी तो प्रसंग उद्योगपर्वात सांगितला आहे.

कर्ण पूर्वेकडे तोंड करून जप करीत होता. उन्हाने पोळलेली कुंती त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत त्याचा जप संपेपर्यंत उभी राहिली. तू माझा ज्येष्ठ पुत्र आहेस, पांडवांना येऊन मिळ, हे तिचे मागणे. त्याआधी श्रीकृष्णानेही त्याला हेच सांगून राज्य देऊ केले होते. आपला पक्ष हरणार, हे कर्णाला त्या वेळीच दिसत होते. कृष्णाला त्याने तसे सांगितलेही.

तरी तो गेला नाही. अधिरथ आणि राधा यांनी त्याला वाढविले होते. दुर्योधन त्याच्या भरवशावर युद्धाला उभा होता. ऐन वेळी त्याला सोडणे हा विश्वासघात ठरला असता आणि राहणे म्हणजे सख्ख्या भावांवर शस्त्र धरणे होते. कुंतीला त्याने एवढाच शब्द दिला की, अर्जुनाशी मी लढेन, इतर चौघांना मारणार नाही. तुझे पुत्र पाचच राहतील.

येथपर्यंत सारे बोलणेच होते, आणि बोलणे त्या मानाने सोपे असते. चौदाव्या दिवशी भीम निःशस्त्र होऊन कर्णापुढे आला. कर्णाने त्याला धनुष्याच्या टोकाने डिवचले, खादाड म्हणून हिणवले आणि सोडून दिले. त्याच रात्री सहदेव सुटला. सोळाव्या दिवशी कर्ण सेनापती असताना नकुलाच्या गळ्यात धनुष्य अडकवून त्याने त्यालाही जाऊ दिले. अपमान सर्वांचा केला. प्राण कोणाचाच घेतला नाही.

सतराव्या दिवशी युधिष्ठिर त्याच्या हाती लागला. ज्या युधिष्ठिराला जिवंत पकडून आणावे म्हणून दुर्योधनाने द्रोणाचार्यांकडून वचन घेतले होते, तोच हा युधिष्ठिर. कर्णाने त्याच्या खांद्याला हात लावला. तेवढ्यात कुंतीला दिलेला शब्द आठवला आणि हात मागे आला. दुर्योधनाला हे कळते, तर त्याने याला काय म्हटले असते? मातेला दिलेला शब्द पाळताना मित्राचा विजय त्याने हातचा घालविला, हे नाकारता येत नाही. व्यासांनीही ते झाकलेले नाही. त्याच दिवशी अर्जुनाच्या बाणाने कर्ण पडला.

युद्ध संपल्यावर पांडव गंगेवर मृतांना जलांजली देत होते. तेव्हा कुंती पुढे आली आणि म्हणाली, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिराला त्या वेळी द्यूतसभा आठवली. तेथे कर्णाच्या कठोर शब्दांनी तो संतापला होता. पण कर्णाच्या पायांकडे दृष्टी जाताच त्याचा राग ओसरला होता. ते पाय कुंतीच्या पायांसारखे का दिसतात, याचे कारण त्याला त्या दिवशी उमगले नव्हते.