कोलशेतची बाई स्वतःबद्दल काय म्हणते?

आज तुमच्यापुढे एक पत्र ठेवतो. ते नमुन्याचं आहे, मीच लिहिलेलं. पीएच.डी. करणारी एक मुलगी आपल्या मार्गदर्शक बाईंना कळवते आहे, की मला ठाण्याच्या कोलशेत गावठाणातल्या आगरीची क्रियापदं नोंदवायची आहेत. पत्राची सुरुवात अशी: ‘मॅडम, सादर नमस्कार. आगरी बोलीचा अभ्यास आजवर कुणीच केलेला नाही.’

हे वाक्य मी पहिल्यांदा खोडतो. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905 सालचा, आणि त्यात आगरीची नोंद आहे. पुढे साठच्या दशकात अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींची पुस्तकं काढली, त्यांत ठाण्याची वारली आहे. अलीकडे डेक्कन कॉलेजनं राज्यभर बोलींचं सर्वेक्षण केलं. तेव्हा ‘कुणीच नाही’ म्हणून भागत नाही. नेमकं काय राहून गेलं, ते पत्रात आलं पाहिजे.

आता ग्रियर्सनचंच बघा. त्याच्या सर्वेक्षणाचा ठरलेला नमुना म्हणजे बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट. त्या गोष्टीत बाप बोलतो, दोन्ही मुलगे बोलतात, एक नोकरही बोलतो. बाई एकही बोलत नाही. म्हणजे ‘मी आले’ म्हणणारं माणूसच त्यात नाही! अशा नमुन्यावरून बोलीचं व्याकरण मांडायला बसलं, की एक अख्खा कप्पा रिकामाच राहतो.

ही फट धरली की पत्राला विषय सापडतो. ‘तो आयला’, ‘ती आयली’ ही रूपं ठाण्यात कुणाच्या कानावरून गेली नाहीत? पण बाई स्वतःबद्दल बोलते तेव्हा तिचं रूप पुरुषाच्या रूपाहून वेगळं असतं का? प्रमाण मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ वेगळे, ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ वेगळे. मराठीच्या सगळ्याच बोली हा भेद पाळत नाहीत. कोलशेत पाळतं का, आणि पाळत असेल तर सगळ्या काळांत की एखाद्याच, एवढा एक प्रश्न पुरे आहे.

पत्रातल्या पहिल्या आराखड्यात आठ क्रियापदं आणि पाच काळ होते. एका काळात पुरुष, वचन आणि लिंग धरून चौदा घरं होतात. आठ क्रियापदांची मिळून 560. इतकी रूपं विचारत बसलात तर दुसऱ्या दिवशी आजीबाई दार उघडणार नाहीत. म्हणून दोनच क्रियापदं ठेवा. ‘जा’ अकर्मक आणि ‘कर’ सकर्मक. सकर्मकाच्या भूतकाळात रूप कर्माच्या मागं जातं, ‘मी काम केलं’, ‘मी भाकरी केली’. तिथं बाई-पुरुषाचा भेद आपल्या प्रमाण मराठीतही दिसत नाही. त्यामुळे आधी ‘जा’, मग ‘कर’.

विचारायचं कसं, इथं काम हमखास बिघडतं. ‘मी जाते, हे तुमच्यात कसं म्हणतात?’ असं विचारलं की समोरून ‘मी जाते’च परत येतं. पाहुणीपुढं शुद्ध बोलावं, ही आपल्याकडची रीत. मुलाखत बिघडल्याची खूण सोपी आहे. ‘पानी’ म्हणणारी बाई एकदम ‘पाणी’ म्हणू लागली, की ती आता आपल्यासाठी बोलते आहे. व्हिडिओ दाखवून ‘काय चाललंय?’ विचारता येतं, पण त्यातून ‘ती करते’ मिळतं. ‘मी’ मिळत नाही. ‘मी’ हवा असेल तर सकाळपासूनचा दिवस सांगायला लावायचा, मासळी साफ कशी करता ते विचारायचं, आणि प्रश्न गावातल्याच एखाद्या मुलीनं करायचे.

पत्रात मी भर घातली ती माहेराची. गावातल्या म्हाताऱ्या बायका बहुतेक लग्न होऊन आलेल्या. कुणी भिवंडीकडची, कुणी कल्याणकडची, कुणी उरणची. पुरुष मात्र इथलेच. अशा वेळी बाईचं रूप वेगळं निघालं तर तो भेद लिंगाचा की गावाचा? नुसत्या सासुरवाशिणींकडून हे कळायचं नाही. कोलशेतच्या लेकी हव्यात. लग्न न झालेल्या, आणि दुसरीकडे दिलेल्याही. म्हणून पत्रातल्या बारा माणसांच्या यादीत प्रत्येक बाईपुढे माहेरचा रकाना आला, आणि सहा बायकांपैकी तीन तरी इथं जन्मलेल्या असाव्यात अशी अट आली. आता गावठाणाला टॉवरनी वेढलंय, नातवंडं शाळेची मराठी बोलतात, तेव्हा या लेकी शोधायला महिनाभर तरी जाईल. पत्रातल्या वेळापत्रकात तो महिना धरलेला नव्हता.

राहिली गाणी. मुलीनं लिहिलं होतं की लग्नात धवलारणीकडून धवले ध्वनिमुद्रित करीन. जरूर करावेत. पण गाण्यातलं रूप चालीसाठी ताणलेलं असतं, कधी आज कुणीच बोलत नाही इतकं जुनं असतं. रिकाम्या घरात ते भरलं तर तक्ता पूर्ण दिसेल, आणि खोटा होईल. गाण्यांची फाइल वेगळी ठेवायची. धवलारणीला हळदीच्या रात्री नव्हे, लग्नसराई सरल्यावर भेटायचं, आणि गाण्याबद्दल नव्हे, तिच्या सकाळपासूनच्या दिवसाबद्दल विचारायचं.